त्रेसष्ट मथळ्यांखालची ओळ

जुळे सोलापुरात पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत विजयमाला गरंडेचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, राहत्या घराची पुढची खोली. दोन संगणक, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि दारावर नवऱ्यानं, कुमारनं, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. कुमार अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असतो. सकाळी तो सायकल काढून गेला की विजयमाला शटर वर करते आणि तिची आई म्हाळसाबाई उंबऱ्यात ऊन खात बसते.

अर्ज, प्रतिज्ञापत्रं, प्रबंध अशी कामं सगळेच करतात. पण जुनी छापील पुस्तकं स्कॅन करून त्यांचा मजकूर पुन्हा संगणकावर आणावा, तर तो विजयमालानंच, असं शहरातले मास्तर-प्राध्यापक एकमेकांना सांगायचे. त्याला कारणही होतं. बाकीचे पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि जे बाहेर पडेल ते गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे. त्यात प्रत्येक छापील ओळ वेगळी तुटलेली असायची, मथळे मजकुरात बुडालेले असायचे आणि पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव दर पानाला मध्येच घुसलेलं असायचं. विजयमाला तसं करायची नाही. पानं आधी सरळ करायची, डोक्यावरची पट्टी आणि पानाचे आकडे कापून टाकायची, भाषा मराठी निवडायची आणि मगच मजकूर ओळखायला लावायची. नंतर परिच्छेद कुठं सुरू होतो ते मूळ पानावरच्या ओळीच्या पुढच्या मोकळ्या जागेवरून ताडून तुटक्या ओळी सांधायची. एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहत गेलेलं वाक्य ती कधी तोडायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या दुकानापुढं रिक्षा थांबली. पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात पेन ड्राइव्ह. विजयमालानं मान वर केली आणि एका नजरेत ओळखलं. ते डॉ. हिंदुराव निकम होते.

सरांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसं? शेवटचं पाहिलं तेव्हा ती बारा वर्षांची, दोन वेण्यांतली, कळपामागं काठी घेऊन फिरणारी सिदू बंडगराची पोर होती.

"माझं जुनं पुस्तक आहे," सर खुर्चीत बसत म्हणाले. "मूळ फाइल हरवली. एकच प्रत उरलेली, तिचं स्कॅन केलंय. पुण्याचे प्रकाशक नवी आवृत्ती काढतायत. त्यांना वर्डमध्ये पाहिजे. शीर्षकं शीर्षकासारखी, परिच्छेद परिच्छेदासारखे. एक अक्षर इकडचं तिकडं व्हायला नको."

"जसंच्या तसं करते, सर."

"फाइल थेट प्रकाशकांकडं पाठवा. वैजयंतीबाई म्हणून संपादक आहेत, हा त्यांचा पत्ता. पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे, त्याच्या आत पुस्तक यायला पाहिजे. मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतोय, मला तपासता येणार नाही. आणि हो, पानं मी स्वतः कॉम्प्युटरवर साफ केलीयत." हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. "या वयात शिकलो."

रिक्षा गेली. विजयमालानं पीडीएफ उघडलं. 'मेंढपाळांचे पशुवैद्यक', लेखक डॉ. हिंदुराव निकम. खाली बारीक अक्षरात: पहिली आवृत्ती, १९९७.

ते साल तिनं तीनदा वाचलं.

सिदू बंडगर मंगळवेढ्याच्या बाजूला माळरानावर मेंढरं राखायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण मेंढराचा कान हातात धरून ते कशानं आजारी आहे हे सांगायचा. पंचक्रोशीतली धनगरं कोकरं खांद्यावर घालून त्याच्याकडं यायची. कॉलेजात शिकवणारे तरुण निकम सर तीन उन्हाळे टेपरेकॉर्डर घेऊन वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, आले. सिदू सांगायचा, सर टेप करायचे, वहीत लिहायचे, म्हाळसाबाईच्या हातची भाकरी खायचे. "सिदूमामा, तुमचं नाव पुस्तकात छापून येणार," असं ते म्हणायचे आणि सिदू ते साऱ्या वाड्याला सांगत सुटायचा.

पुढं सर यायचे बंद झाले. १९९८ च्या दिवाळीनंतर सिदू नवं धोतर नेसून, पटका बांधून सोलापूरला गेला. सोबत विजयमाला होती. कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सर म्हणाले, "पुस्तक झालंच नाही, सिदूमामा. विद्यापीठानं अडवलं. झालं की कळवीन." आत बसा म्हणाले नाहीत. परत येताना एसटीत बापानं पटका सोडून मांडीवर ठेवला. वाड्यावर लोक बोलले. "काय सिदू, पुस्तकात नाव येणार हुतं की?" लग्नात, जत्रेत, बाजारात. पंधरा वर्षं ती थट्टा चालली. २०१३ साली सिदू गेला, तेव्हा पुस्तक झालंच नाही अशीच त्याची समजूत होती.

आणि पुस्तक तर तो व्हरांड्यात उभा होता, तेव्हाच छापून तयार होतं.

विजयमाला पान पान पुढं सरकवत गेली. पोटफुगी, खूरकूज, देवी, पान्हा चोरणं, व्यायल्यानंतर वार न पडणं. एकूण त्रेसष्ट मथळे. सरांनी भाषा पुस्तकी केली होती, पण मधूनच बापाचं बोलणं जसंच्या तसं राहिलं होतं. 'मेंढरू रवंथ इसरलं की दिस मोजाया लागावं.' तिच्या कानात तो आवाज वाजला. प्रत्येक मथळ्याखाली एका ओळीएवढी कोरी जागा होती. स्कॅनचा दोष असेल, असं तिला वाटलं.

तिनं आईला काही सांगितलं नाही. काम सुरू केलं आणि काम करता करता तिच्या डोक्यात एक विचार शिरला.

छापील देवनागरी ओळखताना सॉफ्टवेअर ठरावीक ठिकाणी घसरतं. 'घ' चा 'ध' करतं, 'भ' चा 'म' करतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे १ चा ९ करतं. इतर कामांत विजयमाला असे सगळे नऊ शोधून एकेक मूळ पानाशी ताडून बघायची. या पुस्तकात औषधाची मापं होती. 'कोकराला बिब्ब्याच्या तेलाचा १ थेंब, गुळात घालून.' संगणकानं तिथं ९ वाचला होता.

तिनं तो ९ तसाच ठेवला.

कोण तिच्याकडं बोट दाखवणार होतं? स्कॅनमध्ये असं होतंच. सर तपासणार नव्हते. पुस्तक छापून येईल, कुणीतरी नऊ थेंब पाजील, कोकरू मरेल आणि माळावरचा एकेक धनगर निकम सरांच्या नावानं बोटं मोडेल. लोक हसतील आणि ते हसणं या माणसाला मरेपर्यंत पुरेल. ज्या चुका ती एरवी दुरुस्त करायची, त्यातल्या सात तिनं निवडून ठेवल्या. बाकी पुस्तक मात्र आरशासारखं स्वच्छ केलं. प्रकरणांना पहिल्या पातळीचा मथळा, रोगांना दुसऱ्या पातळीचा, तुटक्या ओळी जोडलेल्या, परिच्छेद जागच्या जागी. कित्येक वर्षांत तिला काम करताना एवढं सुख वाटलं नव्हतं.

शेवटचं वाचन ती नेहमी मोठ्यानं करायची, कानाला चूक लवकर कळते म्हणून. त्या दुपारीही सवयीनं वाचत गेली. उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या म्हाळसाबाईचा हात थांबला.

"काय वाचाया लागलीस?"

"काय न्हाय, गिऱ्हाइकाचं काम हाय."

"नऊ थेंब म्हणलीस की. कुणाला नऊ थेंब?"

"कोकराला. बिब्ब्याचं तेल."

"अगं ए!" म्हाळसाबाईनं सूप खाली ठेवलं. "एक थेंब. त्यो बी गुळात घालून. नऊ दिलं तर आतडी जळून मरंल की लेकरू. कुणी शाण्यानं लिवलंय ते?"  मग हळू आवाजात म्हणाली, "ह्ये तर तुज्या बाचं हाय."

विजयमालानं सगळं सांगितलं. पुस्तकाचं साल सांगितलं, सात नऊ कसे ठेवले तेही सांगितलं. म्हाळसाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्याला मार," ती म्हणाली. "मी न्हाय म्हणत न्हाय. पर मेंढरं मारून न्हाय. तुजा बा थडग्यातनं उठून यील."

विजयमालाला आईचा राग आला. पण ती संगणकापुढं जाऊन बसली आणि सात आकडे पुन्हा शोधायला लागली. बिब्ब्याचा आकडा लागलीच दुरुस्त झाला. आणखी पाच झाले. सातवा मात्र काही केल्या स्पष्ट दिसेना. पडद्यावर मोठं केलं की अक्षर फुटायचं. मूळ स्कॅन चांगलं असूनही मजकूर ओळखायच्या सॉफ्टवेअरनं पानं हलकी करून घेतली होती. अशा वेळी ती पीडीएफमध्ये दडलेली मूळ चित्रंच बाहेर काढायची. स्कॅनरनं पानाचा जो फोटो घेतलेला असतो तो आत तसाच असतो, पूर्ण बारकाव्यासह. त्यावर नंतर कुणी काही चिकटवलं असेल तर ते त्यात येत नाही.

तिनं सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये काढली आणि हवं ते पान उघडलं. आकडा एकच होता. पण तिची नजर आकड्यावर ठरली नाही. मथळ्याखालची कोरी जागा कोरी नव्हती.

'सांगणार : सिदू लिंगाप्पा बंडगर.'

तिनं दुसरं पान उघडलं. तिसरं उघडलं. दहावं, चाळिसावं. प्रत्येक मथळ्याखाली बारीक ठळक अक्षरात तीच ओळ. सरांनी पानं 'साफ' केली होती ती अशी. प्रत्येक नावावर पांढरा चौकोन ओढला होता. नाव झाकलं होतं, पुसलं नव्हतं. त्यातला फरक त्यांना ठाऊक नव्हता.

"आये," विजयमाला ओरडली. "आये, हितं ये. आबाचं नाव हाय. छापलंय!"

म्हाळसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "कुटं?" विजयमालानं तिचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं.

त्या क्षणी विजयमालाला रडू येईल असं कुणालाही वाटलं असतं. तिला रडू आलं नाही. तिनं मूळ चित्रांवरून सगळा मजकूर पुन्हा ओळखून घेतला, सगळे नऊ पुन्हा ताडले, आणि त्रेसष्ट नावांच्या ओळी त्रेसष्ट मथळ्यांखाली बसवल्या. त्या ओळींना तिनं तिसऱ्या पातळीचा मथळा दिला. मथळे असे नेमून दिले की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. ती तिनं तयार केली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रोग, त्याखाली सिदू लिंगाप्पा बंडगर, रोग, त्याखाली सिदू लिंगाप्पा बंडगर.

फाइल पुण्याला गेली. सोबत मूळ पानांची चित्रंही गेली आणि झाकलेलं पीडीएफही. त्याच चित्रांचे छापील कागद पाकिटात घालून तिनं सत्कार समितीला रजिस्टर टपालानं पाठवले. चिठ्ठीत एवढंच लिहिलं: संशोधन कुणाचं आहे ते आपणच वाचून ठरवावं.

तिसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंचा फोन आला. "सरांनी दिलेल्या पीडीएफमध्ये ही नावं दिसत नाहीत. तुम्ही कुठून घातली?"

"घातली नाहीत, मॅडम. छापलेलीच आहेत. सर म्हणाले होते, एक अक्षर इकडचं तिकडं होऊ द्यायचं नाही."

 वैजयंतीबाई म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेली चित्रं पाहिली मी. छपाई थांबवते. या कुटुंबाची लेखी संमती आल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येणार नाही. त्यांचं कोणी आहे का, माहीत आहे?"

"आहे," विजयमाला म्हणाली. "पत्ता लिहून घ्या."

हिंदुराव सर दुसऱ्याच दिवशी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. रिक्षातून उतरतानाच त्यांचा आवाज चढला होता. "तुम्हाला हा उद्योग कुणी सांगितला? टायपिंग करणारी बाई तुम्ही! तुमचा काय संबंध?"

"मी सिदू बंडगराची विजयमाला."

सरांनी चांगल्या डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग उंबऱ्यात बसलेल्या म्हाळसाबाईकडं पाहिलं. त्यांना भाकरी आठवली की नाही कोण जाणे, पण ते खुर्चीत मात्र धपकन बसले.

"मला कळलं असतं तर मी..." त्यांनी सुरुवात केली. "ती नावं माझ्या मार्गदर्शकांनी ठेवायला लावली होती. तेव्हाची पद्धत होती. आता हे सगळं मी तपासून, अभ्यासून..."

"आबांना पुस्तक झालं नाही म्हणून का सांगितलं?"

"विजयमाला, तू शिकलेली आहेस. त्याला वाचता येत नव्हतं. प्रत देऊन त्यानं काय केलं असतं?"

हे वाक्य ऐकून विजयमाला उठली. तिनं काय केलं असतं ते तिलाही सांगता आलं नसतं, पण म्हाळसाबाई मध्ये बोलली.

"उशाला घिऊन निजला असता," ती म्हणाली. "तुमाला काय करायचं हुतं?"

सर नरमले. ऋणनिर्देशात एक ओळ घालतो म्हणाले. मग अर्धं पान म्हणाले. मग फोटोही छापू म्हणाले. समितीकडून त्यांना विचारणा झाली होती, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. विजयमालानं आधीच टाइप करून ठेवलेला कागद पुढं सरकवला. संमतीपत्र होतं. नावांच्या ओळी जशा छापल्या होत्या तशाच राहतील. मुखपृष्ठावर वर येईल: सांगणार, सिदू लिंगाप्पा बंडगर. खाली येईल: लिहून घेणार, हिंदुराव निकम.

"लिहून घेणार?" सरांचा चेहरा पडला. "मी लेखक आहे या पुस्तकाचा. तीस वर्षं माझं नाव..."

"मग तुमी काय केलं हुतं?" म्हाळसाबाईनं शांतपणे विचारलं. "त्यो सांगत हुता, तुमी लिवून घेत हुता. मी भाकऱ्या थापत हुते. मला ठावं हाय की."

सरांनी पेन काढलं, परत खिशात ठेवलं, परत काढलं. शेवटी सही केली. मग कागद म्हाळसाबाईपुढं अंगठ्यासाठी गेला. तिनं हात मागं घेतला.

"आदी वाचून दावा. समदं. मी ऐकलं न्हाय अजून."

"सगळं? अहो, एकशे चौऱ्याऐंशी पानं..."

"मथळं वाचा आन त्याच्या खालची ओळ. तेवडी बास."

विजयमालानं मोठ्या अक्षरात छापलेली अनुक्रमणिका त्यांच्या हातात दिली. सरांनी वाचायला सुरुवात केली. पोटफुगी. सांगणार, सिदू लिंगाप्पा बंडगर. खूरकूज. सांगणार, सिदू लिंगाप्पा बंडगर. दहाव्या मथळ्याला ते नाव भरभर उरकायला लागले, तसं म्हाळसाबाईनं थांबवलं. "बापाचं नाव खाल्लंत. लिंगाप्पा. परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. समोरच्या पिठाच्या गिरणीवर आलेल्या बायका डबे घेऊन तिथंच थबकल्या. तिसाव्याला सरांचा आवाज बसला. त्यांनी पाणी मागितलं. म्हाळसाबाईनं खूण केली म्हणून विजयमालानं तांब्या दिला. चहा विचारला नाही. त्रेसष्टावं नाव वाचून झालं तेव्हा सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. म्हाळसाबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उमटवला.

पुस्तक पावसाळ्याच्या शेवटी आलं, कागदावर ठरलं होतं तसंच. सत्कार पुढं ढकलला म्हणून समितीनं कळवलं. त्यानंतर तो झाला नाही. विजयमालानं पंचवीस प्रती मागवून घेतल्या आणि बापाची थट्टा करणारी जी जी माणसं जिवंत होती, त्यांच्या दारात स्वतः जाऊन एकेक प्रत ठेवली. 

अलीकडं सरांचा फोन आला होता. आवाज खोल गेलेला. आत्मचरित्राच्या जुन्या छापील लेखांची कात्रणं आहेत, एकत्र करायचीत, शहरात दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही, असं म्हणत होते. विजयमालानं पूर्ण ऐकून घेतलं.

"जमतं मला," ती म्हणाली. "पण तुमचं नाही करायचं." आणि फोन ठेवला.

"लई झालं गं आता," म्हाळसाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "म्हातारा झालाय त्यो."

"आबा बी झाला हुता," विजयमाला म्हणाली आणि स्कॅनरचं झाकण उघडून दुसऱ्या गिऱ्हाईकाचं पान काचेवर सरळ ठेवलं.